तीन चाचण्यांची रेघ

माझे भावोजी आयुष्यात कधी कुणावर ओरडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाप होता की राक्षस. राक्षस असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. हा नाकासमोर चालणारा, डबा धुऊन आणणारा, दुसऱ्याच्या पायावर पाय पडला तर स्वतःच कळवळणारा माणूस. अशा माणसाने काही ठरवलं की त्याला अडवायला कुणाची जीभ उचलत नाही.

भावोजी पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर ऑपरेटर. नदीचं गढूळ पाणी आत येतं, त्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो, मग ते शहराच्या नळांना जातं. दर तासाला बाटलीत पाणी घ्यायचं, यंत्रात धरायचं, गढूळपणाचा आकडा वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. नवीन लागले तेव्हा एक आकडा जरा वर गेला की ते धावत जाऊन तुरटी वाढवायचे आणि पुढच्या तासाला कळायचं की बाटलीच धुतलेली नव्हती. मग वरच्या साहेबांनी शिकवलं: एका आकड्यावर उडी मारू नकोस. मागचे तीन आकडे घे, बेरीज कर, तिनाने भाग. नवा आला की सगळ्यात जुना काढून टाक. ती सरासरी लागोपाठ दोनदा चढली, तरच तुरटीचा डोस वाढव. याला ते ‘चालती सरासरी’ म्हणायचे. तेव्हापासून त्यांच्या हातून कधी तुरटी वाया गेली नाही आणि सोबतचे लोक त्यांनाच ‘सरासरी’ म्हणू लागले. हाक आली की ते हसून ओ द्यायचे.

ही सरासरी घरात आली ती चांगुलपणातूनच. भाचीला आम्ही बारकी म्हणतो. ती चौथीत असताना एका चाचणीत तिला एकाहत्तर गुण पडले आणि माझ्या बहिणीने तिच्या कानाखाली आवाज काढला. ताईचा हात चपळ. दिवसभर कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून लोकांचं ‘जरा दुसरं दाखवा’ ऐकायचं, तो राग कुठेतरी निघणारच. भावोजी कामावरून आले, पोरीचा लाल गाल बघितला. दुसऱ्या दिवशी आलेखाचा कागद घेऊन आले आणि तो त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

“एका चाचणीवर काही ठरत नसतं,” ते ताईला म्हणाले. “त्या दिवशी ताप असेल, पेन चालत नसेल. आपण मागच्या तीन चाचण्यांची सरासरी बघायची. ती लागोपाठ दोनदा खाली आली तरच काहीतरी करायचं. तोवर पोरीला हात लावायचा नाही.”

मी तिथेच होते. मनात म्हटलं, नशीब काढलंस गं बारके, असा बाप मिळायला भाग्य लागतं. ताईनेही कानाला खडा लावला आणि तो शब्द पाळला. त्या घरात परत मार पडला नाही.

बारकीच्या शाळेत सुट्टी सोडली तर दर महिन्याला चाचणी. चार विषय, प्रत्येकी पंचवीस गुण, एकूण शंभर. भावोजींनी विषय मांडलेच नाहीत. शंभरातला एकच आकडा घ्यायचा, मागच्या दोघांत मिळवायचा, तिनाने भागायचं, कागदावर टिंब द्यायचं आणि पट्टीने मागच्या टिंबाला जोडायचं. हे सगळं ते इतक्या मन लावून करायचे की ताई पोळ्या लाटता लाटता हात थांबवून बघायची.

पाचवीत बारकीला अठ्ठ्याहत्तर, एक्याऐंशी, पंचाहत्तर असे गुण पडले. सरासरी अठ्ठ्याहत्तर. पुढच्या महिन्यात काय तिच्या अंगात आलं कुणास ठाऊक, एकदम त्र्याण्णव! घरात नुसता आनंदीआनंद. रेघ त्र्याऐंशीवर गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात चौऱ्याऐंशी पडले, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात अठ्ठ्याहत्तर. म्हणजे त्र्याण्णव, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर अशी पोर पायऱ्या उतरत होती. पण रेघ? ती त्र्याऐंशीवरून चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशीवरून पंच्याऐंशी अशी चढत होती, कारण ते त्र्याण्णव अजून तिघांत बसलेले होते आणि मागचे जुने, छोटे आकडे एकेक करून बाहेर पडत होते. पोर घसरत होती आणि बाप तिच्यासाठी रंगांची पेटी घेऊन आला होता.

पुढच्या चाचणीत एक्याऐंशी आले. मागच्यापेक्षा तीन जास्त. बारकी नाचत घरी आली. भावोजींनी टिंब दिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्र्याण्णव तिघांतून बाहेर गेले होते. रेघ पंच्याऐंशीवरून एक्याऐंशीवर पडली. पुढच्या महिन्यात पुन्हा अठ्ठ्याहत्तर, रेघ एकोणऐंशी. लागोपाठ दोनदा खाली.

“डोस वाढवायला हवा,” भावोजी म्हणाले. अगदी हळू, जणू दवाखान्यात बोलावं तसं. संध्याकाळचं बॅडमिंटन बंद झालं. बारकीचं रॅकेट माळ्यावर गेलं आणि त्या वेळेत टेबलावर एक तास जास्त. मार नाही, शिवी नाही. पोर रडली तेव्हा त्यांनीच तिचे डोळे पुसले.

माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या घराजवळच. एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, एक इस्त्री आणि दाराशी गिऱ्हाइकाला बसायला स्टूल. शाळा सुटली की ताई घरी येईपर्यंत बारकी माझ्याकडे असायची. माझी नजर आता चाळिशी ओलांडलेली, सुईत दोरा ओवायचं काम तिचं. एका झटक्यात ओवायची. मी म्हणायचे, “पोरीची नजर म्हणजे घारीची.” हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, याचा आता हिशोब लावत बसते.

डोस सुरू झाल्यानंतर आठवडाभराने ती स्टुलावर बसून म्हणाली, “मावशी, मला चूक सापडली.”

“कसली गं?”

“त्र्याण्णव पडले ना, तीच चूक झाली. जास्त पडले की तीन महिन्यांनी ते बाहेर जातात आणि मग रेघ खाली येते. मग बाबा डोस वाढवतात. जास्त पडूच द्यायचे नाहीत.”

मी टाके घालत होते. “मग काय करायचं म्हणतेस?”

“तीन महिन्यांपूर्वी जेवढे पडले होते, बरोब्बर तेवढेच पाडायचे. जेवढे बाहेर जाणार, तेवढेच आत यायचे. मग रेघ हलतच नाही.” तिने माझ्या खडूने कापडाच्या चिंधीवर मांडून दाखवलं. अठ्ठ्याहत्तर, एक्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. पुन्हा अठ्ठ्याहत्तर, एक्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. कुठूनही सलग तीन घ्या, बेरीज तीच, सरासरी एकोणऐंशी.

“आणि बरोब्बर तेवढेच कसे पाडणार, महाराणी?”

“रोज एक पेपर असतो. आजचा पेपर उद्या तपासून मिळतो. गणित शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला. तोवर तिन्ही विषयांचे कळलेले असतात. राहिलेले गणितात घ्यायचे. जास्त होत असतील तर शेवटचं उदाहरण सोडवायचंच नाही.”

मी हसले. खोटं कशाला बोलू, पोटभर हसले. म्हटलं, बापाला शेरास सव्वाशेर भेटली. तिच्या गालाचा पापा घेतला आणि तिला सांगितलं की तू मोठेपणी बँक चालवशील. एका दहा वर्षांच्या मुलीला, तिचं सगळ्यात आवडतं गणित, येत असताना सोडून द्यावंसं वाटतंय, यात हसण्यासारखं काय होतं? पण मी हसले, आणि तिला वाटलं आपलं बरोबर आहे.

मग तीन चाचण्या रेघ एकोणऐंशीवर उभी राहिली. एकोणऐंशी, एकोणऐंशी, एकोणऐंशी. आखणी करावी तशी सरळ. भावोजी कपाटाचं दार उघडून पाहुण्यांना दाखवायचे. “डोस लागू पडला बघा. पोर स्थिर झाली.” मी गालातल्या गालात हसायचे. बारकी सहावीत गेली, तरी ती रेघ तशीच पुढे चालली.

त्याच सुमाराला ती वेंधळी झाली. चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. माझ्या कापायच्या टेबलाच्या कोपऱ्याने तिच्या मांडीवर कायमचा निळा डाग पडला होता. शेजारी ठेवलेला पाण्याचा पेला हाताने उडवायची. ताई ओरडायची, “लक्ष कुठे असतं गं तुझं?” मीही तिला वेंधळी म्हणून चिडवायचे. वाढीचं वय, हातपाय लांब होतात, अंदाज चुकतो, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं. तिला वाचायलाही वेळ लागायला लागला. ओळ संपली की पुढची ओळ सापडायची नाही, बोट ठेवून वाचायची. मी म्हटलं, अभ्यासाचा कंटाळा.

चौथ्या चाचणीनंतर गणिताच्या बाईंनी निरोप पाठवला, पालकांनी भेटावं. ताईला सुट्टी मिळेना, म्हणून भावोजींबरोबर मी गेले. वर्ग रिकामा होता, बाकांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. बाई वयाने लहान, पण बोलण्यात आडपडदा नाही.

त्यांनी बारकीचे मागच्या चार चाचण्यांचे गणिताचे पेपर टेबलावर ओळीने मांडले. अठरा, तेवीस, चोवीस, पंचवीस.

“हा अठरा गुणांचा पेपर बघा,” बाई म्हणाल्या. “शेवटची दोन उदाहरणं कोरी. आणि मागच्या पानावर कच्च्या कामात दोन्हीची उत्तरं. बरोबर. मग त्यावर पट्टीने रेघ मारून खोडलंय. हिला येत होतं आणि हिने दिलं नाही.”

भावोजींना काही कळेना. मला सगळं कळत होतं. मी माझ्या पर्सच्या चेनशी खेळत बसले.

“पण मी त्यासाठी बोलावलं नाही,” बाई पुढे म्हणाल्या. “आता ती गणितात काही सोडत नाही. पंचवीसच्या पंचवीस घेतले. आणि बाकीचे तीन विषय बघा. तिघांची बेरीज साठ होती. मग अठ्ठावन्न. मग चोपन्न. या महिन्यात अठ्ठेचाळीस. सगळे शिक्षक म्हणतात, पेपर अर्धाच राहतो. फळ्यावरून उतरवताना सगळ्यांच्या मागे असते. मोठा उतारा आला की हरवते. गणित तेवढं चालतं, कारण त्यात वाचायला एक ओळ असते.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पोर नळाची असावी तशी गणिताची चावी दर महिन्याला थोडी थोडी जास्त उघडत होती. बाकीकडे जेवढं कमी पडत होतं तेवढं गणितातून भरत होती आणि वरची बेरीज जागची हलू देत नव्हती. आता चावी पूर्ण उघडली होती. अठ्ठेचाळीस आणि पंचवीस, त्र्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर हवे होते. पाच कमी पडले होते आणि तिच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

भावोजींनी खिशातली छोटी वही काढली. एक्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, त्र्याहत्तर. बेरीज केली, तिनाने भागलं.

“सरासरी सत्त्याहत्तरच्या वरच आहे, बाई. दोन गुणसुद्धा खाली आलेली नाही. आणि हे एकच टिंब आहे. दुसरं येऊ दे, मग बघू.”

“अहो, सरासरी कसली बघता, आकडे बघा ना,” बाईंचा आवाज चढला. मग त्या माझ्याकडे वळल्या. “हिचे डोळे तपासलेत का कधी?”

आणि मी, तिची सख्खी मावशी, म्हणाले, “नाही हो बाई, डोळ्यांचं काही नाही. सुईत दोरा माझ्याआधी ओवते. घारीची नजर आहे.”

बाईंनी पेपर गोळा केले. भावोजींनी वही खिशात ठेवली. घरी येताना मी त्यांना बारकीची युक्ती सांगायला हवी होती. जिभेवर आलंसुद्धा. पण सांगितलं असतं तर मीही हसले होते हे सांगावं लागलं असतं. मी कोपऱ्यावरून दुकानाकडे वळले.

आम्ही दुसऱ्या टिंबाची वाट बघितली. पूर्ण एक महिना.

दुसरं टिंब आलं तेव्हा बारकीला एकसष्ट गुण होते. गणितात पंचवीस आणि बाकी तिन्ही मिळून छत्तीस. रेघ सत्तरच्या जेमतेम वर येऊन टेकली. आता लागोपाठ दोनदा. भावोजींनी नेहमीसारखं हळू आवाजात सांगितलं की शाळेआधी सकाळीही एक तास टेबलावर बसायचं आणि मावशीच्या दुकानात जाणं बंद. बारकीने मान हलवली. तिने विचारलं फक्त एवढंच, “रंगांची पेटी पण?” ते म्हणाले, “काही दिवस.”

शेवटचं म्हणून ती माझ्याकडे आपल्या दोन वह्या न्यायला आली. आत येताना पुन्हा चौकटीला आपटली. मी म्हटलं, “अगं वेंधळे, एवढी मोठी चौकट दिसत नाही का तुला?”

“दिसते ना,” ती म्हणाली. “समोर आली की दिसते.”

माझ्या हातातलं कापड खाली पडलं. तिला मी स्टुलावर बसवलं. म्हटलं, “माझ्या नाकाकडे बघ. डोळे हलवायचे नाहीत. दिसलं की सांग.” मी कात्री हातात घेतली आणि तिच्या कानामागून बाजूने हळूहळू पुढे आणली. कानाच्या पुढे आली, काही नाही. गालापाशी आली, काही नाही. कात्रीचं टोक माझ्या नाकाजवळ पोचलं तेव्हा ती म्हणाली, “आता दिसली.” दुसऱ्या बाजूनेही तेच. मी ते तीनदा केलं, कारण माझा माझ्यावर विश्वास बसेना.

“बारके, कधीपासून असं दिसतं तुला?”

ती गोंधळली. “असं म्हणजे कसं? सगळ्यांना असंच दिसतं ना मावशी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब टाकले, दाब मोजला, बराच वेळ दिवा धरून आत बघितलं, मग बारकीला नर्सबरोबर बाहेर पाठवलं. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. आधी कडेचं दिसणं जातं, मधलं शेवटपर्यंत राहतं. म्हणून सुईत दोरा ओवता येतो आणि दार दिसत नाही. दुखत नाही, लाल होत नाही. मुलांमध्ये क्वचित होतो, पण झाला की वेगाने धावतो.

“गेलेलं परत येईल ना?” ताईने विचारलं.

“गेलेली नजर परत येत नाही. जी आहे ती राखायची. काही महिने आधी आला असतात तर राखायला बरंच जास्त होतं.”

भावोजींनी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. का ठेवली, त्यांनाही ठाऊक नसावं. डॉक्टरीणबाईंनी ती उघडली, एकोणऐंशीच्या ओळी बघितल्या आणि परत केली.

बाहेर बाकावर मी त्यांना सगळं सांगितलं. चिंधीवरचे आकडे, गणिताची चावी, माझं हसणं. ताई माझ्याशी पुढे पंधरा दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. भावोजी चिडले नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाले, “केंद्रावर आमच्या सरासरीच्या डोक्यावर एक लाल रेघ असते. एकही आकडा तिच्यापलीकडे गेला की सरासरी बाजूला ठेवायची आणि आधी पाणी बंद करायचं. ती रेघ मी घरी आखलीच नाही. आणि तिथे आकडा इतका सरळ चालला असता ना, तर मी आधी यंत्र ठोकून बघितलं असतं.” मग ते रडायला लागले. मोठ्या माणसाला तोंड न झाकता रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवशीच नजरेची चाचणी झाली. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. इकडेतिकडे बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र किती दिसले ते मोजतं आणि जिथे दिसत नाही तिथे काळा डाग छापतं. बारकीच्या कागदावर कडेने सगळं काळं होतं, मधे एक पांढरी वाटी उरली होती. यंत्रावरची मुलगी प्रेमळ होती. तिने बारकीला कागदावरचा आकडा दाखवला आणि म्हणाली, “एवढं आहे बघ. थेंब रोज टाकायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी. तेव्हा हा आकडा खाली येता कामा नये, काय?”

बारकीने मान हलवली.

महिनाभर घर बदललं. कपाटाच्या दारावरचा कागद भावोजींनी फाडून टाकला. रॅकेट खाली आलं, पण आता बॅडमिंटनचं फूल तिला दिसेना, ते परत वर गेलं. रंगांची पेटी तिच्या टेबलावर उघडी राहायला लागली. सकाळ-संध्याकाळ थेंब भावोजी स्वतः टाकायचे, घड्याळ लावून. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: पुढच्या चाचणीत आहे तेवढंच राहिलं तर थेंबांवर भागेल. कमी झालं असेल तर एक दिवसही न थांबता ऑपरेशन. तिथे सरासरी नाही, वाट बघणं नाही.

महिना झाला. आम्ही पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीच्या बाहेर बसलो. बारकी आत गेली, पंधरा-वीस मिनिटांनी यंत्रावरची मुलगी कागद घेऊन आली आणि सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेली. मग आम्हाला बोलावलं.

“आकडा मागच्या महिन्याइतकाच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईने हात जोडले. “थांबा. हा कागद खोटा आहे. यंत्र मधूनमधून आवाज करतं पण दिवा लावत नाही, माणूस खरं सांगतोय का बघायला. हिने त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वेळी बटण दाबलंय. दिवा नसतानाही दाबतेय. मला यावरून काहीच कळत नाही. तिला किती दिसतंय ते तिच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, आणि ती सांगत नाहीये.”

बारकी दारात उभी होती. भावोजी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, अगदी तिच्या नाकासमोर, जिथे तिला दिसतं तिथे. तिचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले.

“बारके, दिवा दिसला तरच दाबायचं. नाही दिसला तर नाही दाबायचं. एकही नाही दिसला तरी चालेल. बाबा काहीही म्हणणार नाही.”

तिने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. बाप खरं बोलतोय की नाही हे ती ठरवत होती.

“खाली आला तर काय बंद करणार?” तिने विचारलं.

“काही नाही. काहीही बंद करणार नाही. देवाशपथ.”

“मागच्या वेळी पण तुम्ही म्हणाला होता, हात लावणार नाही.”

भावोजींनी तिचे हात सोडले. हात त्यांनी खरंच कधी लावला नव्हता. यंत्रावरच्या मुलीने बारकीला खांद्याला धरून आत नेलं. दार लावलं. आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो, बाकावर कुणी बसलं नाही. आत यंत्र सुरू झालं. ते दिवे कधी भरभर लागतात, कधी बराच वेळ लागत नाहीत, हे मागच्या वेळी त्या मुलीनेच सांगितलं होतं. दार पातळ होतं, बटणाचा आवाज स्पष्ट येत होता. टक्. टक्. टक्. भावोजी डोळे मिटून मोजत होते. प्रत्येक दोन आवाजांमधलं अंतर सारखं होतं.